बायॉप्सीच्या अहवालाची भाषा

बायॉप्सी सांगितली म्हणजे कर्करोग झालाच, अशी समजूत अनेकांच्या मनात असते. वस्तुतः बायॉप्सी ही केवळ तपासणी आहे. तिच्या अहवालातील शब्दांचा अर्थ एका उदाहरणावरून पाहू.

विदर्भात खर्रा खाण्याची सवय सर्वदूर आहे. समजा, सावनेर येथील एका गृहस्थांच्या गालात, खर्रा धरून ठेवण्याच्या जागी, पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसला. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात ती जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा काढण्यात आला. असा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवतात आणि त्याचे अतिशय पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यास काही दिवस लागतात. अहवालास वेळ लागला म्हणून तो वाईटच असेल, असे नाही.

गालाचे आतील अस्तर पेशींच्या अनेक थरांचे असते व तळाशी एक पातळ पडदा असतो. रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या या पडद्याखाली असतात. अहवालाचा सारा अर्थ या रचनेवर अवलंबून आहे.

'बिनाइन' म्हणजे कर्करोग नसलेला, सौम्य बदल. 'अटिपिया' म्हणजे पेशींचे रूप नेहमीपेक्षा वेगळे दिसणे. साध्या दाहानेही असे होऊ शकते. म्हणून हा शब्द कर्करोगाचा निर्णय देत नाही. पेशींबरोबर थरांची घडीही विस्कटली, तर त्यास 'डिस्प्लेसिया' म्हणतात. बिघाड खालच्या एक तृतीयांशात असेल तर सौम्य, मधल्या भागापर्यंत असेल तर मध्यम आणि त्याहून वर गेल्यास तीव्र. 'कार्सिनोमा इन सिटू' म्हणजे बिघाड अस्तराच्या पूर्ण जाडीत आहे, परंतु पडदा शाबूत आहे. 'इन सिटू' याचा अर्थच 'जागच्या जागी'. पेशी पडदा ओलांडून खाली शिरल्या, तरच रोगास शरीरात पसरण्याची वाट मिळते.

या गृहस्थांच्या अहवालात 'मध्यम डिस्प्लेसिया' असे आले, असे धरू. म्हणजे आज कर्करोग आढळलेला नाही, पण पुढे तो होण्याचा धोका आहे. खर्रा कायमचा सोडणे, चट्टा काढावा की त्यावर लक्ष ठेवावे हे डॉक्टरांकडून ठरवून घेणे आणि ठरल्या तारखांना तोंड दाखवणे, हे त्यांचे पुढील काम.

मात्र अहवाल काढलेल्या तुकड्यापुरताच बोलतो. चट्ट्याच्या दुसऱ्या भागात बदल अधिक असू शकतो. म्हणून 'बिनाइन' लिहिलेले असूनही चट्टा लाल वा कठीण झाला, किंवा तेथील व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर पुन्हा तपासणी हवी. 'इन सिटू' असल्यास संपूर्ण चट्टा काढून पुन्हा तपासतात, तेही याच कारणाने.

घाबरलेल्या रुग्णासोबत जाणाऱ्याने डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: तुकडा सर्वांत संशयास्पद जागेचा होता काय, पडदा शाबूत आहे काय, आणि पुन्हा केव्हा यावे?