तळघर खणून भागेल का?

वाइन वर्षानुवर्षं जपायची म्हटलं की डोळ्यांपुढे फ्रान्समधलं तळघर येतं. मग बंगला बांधणारं कुणीतरी विचारतंच, ‘खाली दहा-बारा फूट खणून घेऊ का?’ पुण्याजवळ वाघोलीत खडक फोडणाऱ्यांची वाण नाही! पण आधी हिशेब मांडू.

जमिनीत काही मीटर खाली गेलं की ऊन-थंडीचे चढउतार विरतात आणि उरतं ते त्या गावाचं वर्षभराचं सरासरी तापमान. शँपेन प्रांतातल्या चुनखडीच्या तळघरांत ते १० ते १२ अंश असतं. पुण्याची सरासरी पंचविशीच्या आसपास. आपण कितीही खोल गेलो तरी मुक्काम तिथंच. वाइनला हवेत १२ ते १४ अंश. म्हणजे स्थिरपणा जमीन फुकट देते, गारवा मात्र विजेनंच आणावा लागतो.

पंचविशीत वाइन लगेच नासत नाही, पण घाईनं म्हातारी होते. खरा घात होतो तो मे महिन्यात, कुलूप लावलेल्या फ्लॅटमध्ये. वाइन तापून फुगते आणि बूच वर रेटते. रात्री आकसली की हवा आत ओढते. बूच काचेच्या वर डोकावतंय, वेष्टणाखाली चिकट लागतंय, पातळी उतरलीय, अशी बाटली दुकानातच सोडून या. आत शिजवलेल्या फळांची चव असते. दुकानाच्या काचेत उन्हाला उभी असलेली बाटलीही नको. पांढऱ्या काचेतल्या वाइनला प्रकाशानं उकडलेल्या कोबीसारखा वास येतो.

हवेत ६० ते ७० टक्के ओलावा पुरे. एप्रिलच्या कोरड्या दुपारी बूच बाहेरून सुकतं, म्हणून बूचवाली बाटली आडवी ठेवायची. पावसाळ्यात लेबलावर बुरशी चढते, ती दिसते वाईट, पण वाइनला काही करत नाही. फिरकीच्या झाकणाला सुकण्याची काळजीच नाही.

मग उपाय वाइनच्या कपाटाचा. स्वस्त कपाटं बहुधा पेल्टियर पद्धतीची असतात. ती खोलीपेक्षा पंधरा-वीस अंशच खाली जाऊ शकतात. खोली ३८ वर गेली की आत विशीच्या आसपास, म्हणजे ऐन गरजेच्या दिवसांत हात वर! आपल्याकडे कॉम्प्रेसरचंच घ्यावं.

आणि ठेवायचं काय? नाशिकची बहुतेक सोव्हिन्यॉ ब्लां, शेनिन ब्लां, रोझे ताजीच प्यायची. थांबून त्यांचा फक्त सुगंध जातो. थांबण्यासारख्या त्या, ज्यांत तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही भरपूर आहेत: सुलाची ‘रासा’ ही शिराझ किंवा फ्रातेल्लीची ‘सेत्ते’. त्याही माझ्या मते चार-पाच वर्षं. वीस वर्षांची स्वप्नं बोर्दोच्या नामांकित बाटल्यांसाठी ठेवावीत. एकाच वाइनच्या तीन बाटल्या घ्या. एक आत्ता उघडा, दुसरी दोन वर्षांनी. दुसरी सरस निघाली, तरच तिसरीला थांबवा.