कंपनीकडे गेलेली आपली माहिती



कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत दोन-तीन वर्षं काम केलं, की इथला डिप्लोमा झालेला तरुण चाकणच्या नोकरीकडे पाहू लागतो. पण चाकणच्या कंपनीत थेट अर्ज करून जाणारे थोडेच. बहुतेकांचा बायोडाटा आधी जातो एखाद्या कन्सल्टन्सीकडे. तिथला माणूस फोनवर चार प्रश्न विचारतो, उत्तरं स्वतःच्या साच्यात भरतो आणि ती प्रोफाइल कंपनीला पाठवतो. उमेदवाराच्या हातात असतो तो त्यानं स्वतः लिहिलेला कागद, आणि कंपनीच्या टेबलावर असतो तो दुसऱ्यानं भरलेला. या दोन्हींत फरक पडला, तर तो कुणी कळवायचा, आणि कसा?

उदाहरणादाखल सांगलीचा एक मुलगा घेऊ. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. ऑगस्ट 2021 ते जुलै 2022 असं एक वर्ष शिकाऊ उमेदवार म्हणून काढलं. ऑगस्ट 2022 पासून तो कुपवाडच्या एका कारखान्यात कायम नोकरीत आहे. पगार महिना 22,000 रुपये, म्हणजे वर्षाला 2 लाख 64 हजार. नोव्हेंबर 2024 च्या सुरुवातीला त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. आदल्या दिवशी त्यानं एक शहाणपणाची गोष्ट केली: ‘कंपनीला पाठवलेली माझी प्रोफाइल मलाही पाठवा,’ असं त्यानं एजन्सीला सांगितलं. ती आली तेव्हा तीत अनुभव होता सव्वातीन वर्षं, पगार होता 3 लाख 40 हजार, आणि पहिल्या नावाच्या रकान्यात त्याचं आडनाव.

यातली आडनावाची चूक आपल्याकडची म्हणावी अशीच आहे. महाराष्ट्राच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, असा क्रम असतो. कंपन्यांचे फॉर्म मात्र पहिलं नाव आणि आडनाव असे वेगळे रकाने मागतात. समोरच्यानं प्रमाणपत्र पाहून डावीकडून उजवीकडे उतरवलं, की पाटील हे नाव होतं आणि वडिलांचं नाव आडनाव बनतं. आधारवर, पॅनवर आणि बँकेत वेगळा क्रम दिसला, की पडताळणी करणारा तिथेच थांबतो.

अनुभवाची चूक अधिक अवघड. शिकाऊ उमेदवारीचं वर्ष कामातच गेलेलं असतं, यंत्रावर हात बसलेला असतो, म्हणून एजन्सीनं ते नोकरीत मोजलं. पण 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालचा मुलगा कायद्यानं कामगार नसतो, प्रशिक्षणार्थी असतो. त्याला विद्यावेतन मिळतं आणि त्याचा भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही. आता मोठ्या कंपन्या अनुभव तपासतात तो यूएएन क्रमांकावरून. तिथल्या सेवेच्या नोंदीत या मुलाची रुजू तारीख ऑगस्ट 2022 दिसणार, म्हणजे सव्वादोन वर्षं. प्रोफाइलमध्ये सव्वातीन. एक वर्ष कुठे गेलं, हा प्रश्न एजन्सीला कुणी विचारत नाही, तो उमेदवारालाच विचारतात.

पगाराचा आकडा बहुधा फुगवलेलाच असतो. ‘जास्त सांगितलं तर जास्त मिळेल,’ असा हिशेब त्यामागे असतो. पण रुजू होताना तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या आणि बँकेचा उतारा मागतात, आणि 22,000 चे 28,000 तिथे होत नाहीत.

मग या मुलानं काय करावं? फोन करावाच, पण फोनवर थांबू नये. त्याच दिवशी एक ईमेल लिहावा, आणि तो अगदी कोरडा असावा. ‘आपण माझी जी प्रोफाइल कंपनीला पाठवली, तीत तीन दुरुस्त्या आवश्यक आहेत. पहिलं नाव व आडनाव यांची अदलाबदल झाली आहे. नोकरीचा अनुभव 3 वर्षं 3 महिने लिहिला आहे, तो 2 वर्षं 3 महिने आहे. त्याआधीचं 1 वर्ष शिकाऊ उमेदवारीचं असून ते वेगळं दाखवावं. वार्षिक वेतन 3,40,000 लिहिलं आहे, ते 2,64,000 आहे. सोबत प्रमाणपत्र, नेमणूकपत्र आणि पगारचिठ्ठी जोडत आहे. दुरुस्त प्रत कंपनीला पाठवून तिची एक प्रत मला द्यावी.’ एवढंच. चूक कुणाची, का झाली, हे त्यात आणू नये. समोरच्याला खोटं ठरवलं की तो बचाव करत बसतो आणि दुरुस्ती मागे पडते.

शिकाऊ उमेदवारीचं वर्ष गाळायला सांगू नये, वेगळं दाखवायला सांगावं, हे मुद्दाम बोलायला हवं. त्या वर्षाला किंमत आहे. ते चुकीच्या रकान्यात असलं की संशय निर्माण करतं, योग्य रकान्यात असलं की उमेदवाराच्या बाजूनं बोलतं.

एजन्सीनं उत्तर दिलं नाही, किंवा ‘राहू दे, चालतं’ म्हटलं, तर? मुलाखतीत सुरुवातीलाच सांगावं: ‘आपल्याकडे आलेल्या माहितीत अनुभव आणि पगार चुकीचा आहे, बरोबर कागद हे.’ पाठवलेल्या ईमेलची छापील प्रत सोबत असावी. निवड झाल्यावर पडताळणीत उघड होण्यापेक्षा हे फार बरं. नेमणूकपत्रात ‘माहिती खोटी आढळल्यास सेवा संपुष्टात येईल’ असं कलम बहुतेक ठिकाणी असतं, आणि तिथे सही उमेदवाराची असते, एजन्सीची नव्हे.

फॉर्ममधली चूक किती लांब पोचते, याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण सैन्यातलं आहे.  पुढे लष्करप्रमुख झालेल्या व्ही. के. सिंग यांचा एनडीएचा फॉर्म 1965 मध्ये गेला. त्यात जन्मवर्ष 1950 पडलं, मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर मात्र 1951. लष्कराच्या दोन शाखांच्या दफ्तरी दोन वेगळी वर्षं राहिली. अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी 2012 मध्ये त्यांना याचिका मागे घ्यावी लागली. 1950 हेच वर्ष धरून ते 31 मे 2012 ला निवृत्त झाले. फॉर्म भरल्यापासून 47 वर्षं झाली होती.

कायदाही आता या बाजूला येतो आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात स्वतःची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क दिला आहे. एखाद्यानं आपली माहिती दुसऱ्या संस्थेला द्यायची असेल, तर ती पूर्ण आणि अचूक असल्याची खात्री त्यानं करावी, असंही त्यात म्हटलं आहे. कन्सल्टन्सीचं काम नेमकं तेच. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले. ही मुख्य कलमं लागू व्हायला त्यानंतर 18 महिन्यांची मुदत ठेवली आहे. तोवर आधार आहे तो लेखी ईमेलचाच.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. दहावीच्या प्रमाणपत्रातच चूक असेल, किंवा यूएएनवर रुजू तारीख चुकली असेल, तर ती एजन्सी दुरुस्त करू शकत नाही. पहिलीसाठी शाळेमार्फत मंडळाकडे जावं लागतं, दुसरीसाठी भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. या कामांना वेळ लागतो, म्हणून ती नोकरी शोधण्याआधी करावीत.

तुमच्या घरातल्या कुणाचा बायोडाटा या आठवड्यात एखाद्या कन्सल्टन्सीकडे गेला असेल, तर कंपनीला गेलेली प्रत त्यांना आजच मागायला सांगा, आणि ती दहावीचं प्रमाणपत्र, नेमणूकपत्र आणि पगारचिठ्ठी शेजारी ठेवून वाचा.