चावडीवर बोलावे की ओसरीवर?



गावात बोलण्याच्या जागा आपण जन्मापासून ओळखतो. जे सगळ्यांचे आहे ते चावडीवर बोलावे, एकाचे काम असेल तर त्याला नाव घेऊन हाक मारावी, आणि जे घरचे आहे ते ओसरीवर बसून बोलावे, हे कुणी पुस्तकातून शिकलेले नाही. पण गेल्या काही वर्षांत आपल्या हाती मोबाईल आला, त्यात व्हॉट्सॲप आले आणि शाळेच्या पालकांचे, दूध संस्थेचे, बचतगटाचे असे गट झाले. तिथे चावडी आणि ओसरी यांच्यामधली भिंत डोळ्यांना दिसत नाही. ती कशी ओळखावी, एवढेच आज सांगणार आहे.

एका शाळेतली हकीकत सांगतो. आठवीच्या पालकांचा गट, माणसे बेचाळीस. सोमवारी संध्याकाळी वर्गशिक्षकांनी लागोपाठ तीन निरोप टाकले. पहिला, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला शनिवारपर्यंत आणावा. दुसरा, गुरुवारी अकरा वाजता पालकसभा. तिसरा, शुक्रवारी सहल, साडेतीनशे रुपये द्यावेत. मग उत्तरे येऊ लागली. कुणी “येतो”, कुणी “चालेल”, कुणी “उद्या देतो”. आणि एका आईने लिहिले, “आमचं जमणार नाही.”

तिची भात लावणी चालू होती. गुरुवारच्या सभेला येणे जमणार नाही, असे तिला म्हणायचे होते. पण तिचे वाक्य पडले सहलीच्या निरोपाखाली. गुरुजींनी मुलीचे नाव सहलीच्या यादीतून कमी केले. शुक्रवारी सकाळी सहाला मुलगी डबा बांधून, वेणीला रिबीन लावून, पैसे मुठीत धरून हजर! गाडीत जागा नाही. आई खोटे बोलली नाही, गुरुजींनी हयगय केली नाही, तरी मुलगी रडत घरी गेली.

आता हे टळले कसे असते? गटात शंभर निरोप एकाखाली एक पडत असले, तरी त्यातल्या नेमक्या एकाला उत्तर देण्याची सोय आहे. ज्या निरोपाला उत्तर द्यायचे, त्यावर बोट ठेवून तो उजवीकडे सरकवायचा. लिहिण्याच्या जागेच्या वर त्या निरोपाची एक पट्टी दिसते. मग लिहायचे. पाठवले की आपल्या उत्तराच्या डोक्यावर मूळ निरोप चिकटून जातो, आणि त्या पट्टीवर बोट टेकवले की वाचणारा थेट मूळ निरोपापाशी पोचतो. त्या आईने सभेचा निरोप सरकवून “जमणार नाही” लिहिले असते, तर घोटाळा झालाच नसता. पाठवण्यापूर्वी मात्र पट्टीत कोणता निरोप आला आहे तो वाचावा. घाईत शेजारचाच सरकतो.

प्रत्येक वेळी असे करायला हवे का? नाही. गटात एकच गोष्ट चालू आहे आणि आपण लगेच बोलतो आहोत, तर साधे उत्तर पुरे. पण मध्ये दुसरे निरोप पडले असतील, किंवा आपण सकाळच्या गोष्टीला संध्याकाळी उत्तर देत असू, तर पट्टी हवीच. आणि शिक्षकबंधूंनो, थोडा दोष आपलाही आहे. तीन कामे एका दमात टाकली की उत्तरे मिसळणारच. “सहलीला येणार की नाही ते याच निरोपाला जोडून कळवा” एवढे लिहिले, तर पुष्कळ निस्तरणे वाचते.

आता हाक मारण्याविषयी. गटात लिहिताना @ हे चिन्ह टाकले, की सभासदांची नावे समोर येतात. त्यातले हवे ते निवडायचे. नाव वेगळ्या रंगात उमटले, म्हणजे हाक गेली असे समजावे. चिन्हापुढे नुसते नाव टाइप करून सोडले, तर ती अक्षरेच राहतात, त्या माणसाला खूण होत नाही. यादीत दोन सुनीताताई असतात, तेव्हा बघून निवडावे. पुष्कळांनी गटाचा आवाज बंद केलेला असतो. अशांनाही नावाने मारलेली हाक सहसा वेगळी कळते. हाक उपयोगी पडते ती यासाठीच.

म्हणून काम एकदोघांचे असेल तरच हाक मारावी. “पाण्याचा टँकर कुणी बघेल का?” असे विचारले, तर चाळीस जण वाचतात आणि दुसरा कुणीतरी बघेल म्हणून गप्प बसतात. एकाचे नाव घेऊन विचारले, की तो हो किंवा नाही सांगतो. पण बारीकसारीक गोष्टीला दहा नावे घेणाऱ्याच्या हाकेला पुढे कुणी ओ देत नाही. आणि नाव घेऊन चारचौघांत कुणाचे उणे काढणे ही हाक नव्हे, ती दवंडी आहे.

यावरून माझीच चूक सांगतो. वर्गाच्या गटात एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, माझा परीक्षेचा अर्ज का अडकला?” मी तिथल्या तिथे त्याचे नाव घेऊन लिहिले, “तुझे चोवीसशे रुपये फी बाकी आहे.” उत्तर खरे होते, पण जागा चुकली. दोन मिनिटांत ध्यानात आले, तेव्हा मी निरोप सर्वांसाठी पुसून टाकला. तोवर कितीतरी जणांनी वाचला होता. शिवाय एकाने माझ्या निरोपाला जोडून “भर की रे लवकर” असे उत्तर दिले होते. मूळ निरोप पुसला, तरी त्याच्या उत्तरावरच्या पट्टीत माझे शब्द तसेच राहिले. तो मुलगा पुढे चार दिवस वर्गात आला नाही.

अशा वेळी काय करावे? गटातला तो निरोप बोटाने दाबून धरावा आणि वरच्या तीन ठिपक्यांत `Reply privately` निवडावे. त्या एकट्याशी बोलण्याचे पान उघडते आणि त्याचा प्रश्न वर पट्टीत असतोच, म्हणजे कशाबद्दल बोलतो आहोत ते पुन्हा सांगावे लागत नाही. पैसे, आजार, गुण, घरातली भांडणे, कुणाची कानउघाडणी, हे सारे ओसरीवरचे. गटात दोघांचीच जुगलबंदी सुरू होऊन बाकीचे नुसते बघत बसले, तरी ओसरी गाठावी.

मात्र ओसरीवर ठरलेले सगळेच ओसरीवर ठेवू नये. समजा, एका पालकाने खाजगीत सांगितले, “तलाठी रजेवर आहेत, दाखला मिळत नाही,” आणि गुरुजींनी त्याला मंगळवारपर्यंत मुदत दिली. ही अडचण सगळ्या गावाची आहे. तेव्हा त्या पालकाचे नाव न घेता गटात लिहावे, “दाखल्याची मुदत मंगळवारपर्यंत वाढवली आहे.” नाहीतर ज्याने विचारले त्याला सवलत आणि जो भिडस्त त्याचा अर्ज बाद, असा अन्याय होतो. आणखी एक. खाजगी निरोपाचाही फोटो काढून कुणी गटात टाकू शकतो. तेव्हा जे कागदावर लिहून देण्याची तयारी नाही, ते प्रत्यक्ष भेटून बोललेले बरे.

तेव्हा उत्तर लिहिण्याआधी क्षणभर थांबून पाहावे: मी कोणत्या गोष्टीला उत्तर देतो आहे, ते कुणी करायचे आहे आणि ते कुणी ऐकायचे आहे? त्या शुक्रवारी परत गेलेल्या मुलीचे पुढे काय झाले, तेही सांगतो. गुरुजी संध्याकाळी तिच्या घरी गेले आणि त्या आईशी ओसरीवर बसून बोलले. गटात मात्र त्यांनी एकच ओळ लिहिली, “यादी करताना माझी चूक झाली.” चावडीवर कबूल करण्याजोगे तेवढेच होते.