एका औंसावर पाचशे पावत्या

परवा आमच्या गटातल्या एका ताईंनी मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला. त्यात सांगितलं होतं, की जगात एका औंस सोन्यावर शेकडो कागदी पावत्या फिरत आहेत, लवकरच सोनं मिळेनासं होईल, आजच घेऊन ठेवा. ताई बँकेतली ठेव मोडायला निघाल्या होत्या. म्हणून आज हाच विषय घेतला.

औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, आपल्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने तीन तोळ्यांहून थोडं जास्त. व्हिडिओतला तो आकडा बहुधा न्यूयॉर्कच्या कोमेक्स या वायदेबाजारातून येतो. तिथला एक सौदा 100 औंसांचा असतो. अजून मिटवलेले नाहीत असे सगळे सौदे मोजायचे, त्यांचे औंस करायचे आणि 'द्यायला तयार' म्हणून नोंदलेल्या सोन्याने भागायचं. 2016 च्या जानेवारीत उभे सौदे चार कोटी औंसांच्या आसपास होते आणि तयार म्हणून नोंदलेलं सोनं लाखभर औंसही नव्हतं. भागाकार पाचशेच्या वर गेला.

ऐकून पोटात गोळा येतो ना? पण मग झालं काय? डिलिव्हरी कुणाची चुकली नाही. भाव वर्षाच्या मध्यापर्यंत चढला आणि वर्ष सरताना पुष्कळसा उतरलाही.

याचं कारण आपल्या नाशिकच्या सराफाचं उदाहरण घेतलं की कळतं. समजा, एका सराफाने दागिने घडवायला एक किलो सोनं आणलं. दागिने विकले जाईपर्यंत भाव पडला तर तो बुडेल. म्हणून तो मुंबईच्या एमसीएक्स बाजारात एक किलोचा वायदा विकून ठेवतो. दुकानात भावामुळे तोटा झाला, तर तो तिकडे भरून निघतो. दागिने विकले गेले की तो वायदा परत घेऊन सौदा मिटवतो. त्या सौद्यातून त्याला ना सोनं द्यायचं होतं, ना समोरच्या बऱ्याच जणांना घ्यायचं होतं. उभे सौदे बहुतेक असेच मुदतीआधी मिटतात, नाहीतर पुढच्या महिन्यावर ढकलले जातात.

दुसरी गोष्ट भागाकाराच्या खालच्या आकड्याची. त्याच तिजोऱ्यांत तेव्हा आणखी कितीतरी पट सोनं पडून होतं, फक्त मालकांनी ते 'द्यायला तयार' म्हणून नोंदवलेलं नव्हतं. मालकाच्या मनात आलं की कागद करून ते तयार खात्यात येतं. कोठीत धान्य भरलेलं आहे, पण विकायला ओट्यावर एकच पोतं काढलंय, तसं.

मग खरी कोंडी कधी झाली? 2020 च्या मार्चमध्ये, करोना आला तेव्हा. गंमत अशी, की तेव्हा हा भागाकार 2016 पेक्षा खूपच कमी होता. पण विमानं थांबली. लंडनमध्ये सोनं होतं, मात्र तिथली वीट 400 औंसांची, म्हणजे साडेबारा किलोच्या आसपास. न्यूयॉर्कला 100 औंसांची किंवा किलोची हवी. ती वितळवून लहान करणारे स्वित्झर्लंडचे मोठे कारखाने नेमके बंद पडले. 24 मार्चच्या सुमारास न्यूयॉर्कचा वायदा लंडनच्या भावापेक्षा औंसामागे सत्तर डॉलरपर्यंत महाग झाला. एरवी हा फरक दोन-चार डॉलरचा असतो. एप्रिलमध्ये कारखाने हळूहळू सुरू झाले, सोनं न्यूयॉर्कला पोचलं आणि कोंडी सुटत गेली.

म्हणजे कोंडी ओळखायची ती अशा फरकावरून. एकाच सोन्याचे दोन ठिकाणी भाव फाटतात, किंवा आज हातात मिळणारं सोनं पुढच्या महिन्याच्या वायद्यापेक्षा महाग होतं. नुसता भागाकार मोठा असला म्हणून काही कळत नाही.

पण कागदाला भ्यायचंच नाही, असंही मी म्हणणार नाही. 2013 साली मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचे व्यवहार 31 जुलैला थांबले आणि सुमारे 13,000 लोकांचे साडेपाच हजार कोटी रुपये अडकले. तिथे मुद्दा भागाकाराचा नव्हताच. ज्या मालाच्या पावत्या होत्या तो माल गोदामांत तेवढा नव्हताच.

ताईंना मी विचारलं, तुमच्याकडे सोन्याचा कुठला कागद आहे का? त्यांनी सराफाच्या भिशीचं कार्ड काढलं. महिना हजार रुपये, नऊ शिक्के. आम्ही दोघींनी ते पुढून-मागून वाचलं. ग्रॅम कुठेच लिहिलेले नव्हते. जमा होते ते रुपये, आणि अकराव्या महिन्यानंतर त्या दिवसाच्या भावाने दागिना. त्या मात्र नऊ महिने आपलं सोनं साठतंय असं समजत होत्या. ठेव त्यांनी मोडली नाही. उरलेल्या हप्त्यांचं काय करायचं आणि दुकान बंद पडलं तर हे पैसे कोण देणार, हे विचारायला त्या सोमवारी सराफाकडे जाणार आहेत, आणि मीही सोबत जाणार आहे.