दाराची वजावट आणि भिंतीची तहान

(पाली येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्यांवरून परतली, लग्नाच्या तारखा निघाल्या, की आपल्याकडे भिंतींना रंग लागायला सुरुवात होते. आणि रंग लागला की ओट्यावर एक ठरलेलं भांडण लागतं. घरमालक म्हणतो, "दारं-खिडक्या वजा कर. तिथं काय तू रंग दिलास?" रंगारी म्हणतो, "दादा, सगळीकडं भिंत सलगच मोजतात." आवाज चढतात, चहा निवतो. मी नोकरीची बरीच वर्षं सरकारी इमारतींची मोजमाप पुस्तकं लिहिण्यात घालवली. त्या अनुभवावरून सांगतो, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. ते दोन वेगवेगळे हिशोब एकाच कागदावर करत असतात, म्हणून भांडण होतं.

पहिला हिशोब मजुरीचा. दुसरा डब्याचा. हे दोन वेगळे का, ते एका खोलीवर पाहू.

समजा तळ्याकडच्या बाजूला, बिंदुसरा धरणाच्या रस्त्यावर, एका घराची बैठकीची खोली आहे. लांबी १२ फूट, रुंदी १० फूट, उंची १० फूट. चार भिंतींचा घेर झाला ४४ फूट. त्याला उंचीनं गुणलं की ४४० चौरस फूट. छत यात धरलेलं नाही. त्याला बहुधा वेगळा पांढरा रंग लागतो, म्हणून त्याचे १२० चौरस फूट वेगळे मांडायचे.

या खोलीला दोन दारं आहेत, प्रत्येकी ३ बाय ७ फूट, म्हणजे २१ चौरस फुटांचं एक. दोन खिडक्या, प्रत्येकी ४ बाय ४, म्हणजे १६ चौरस फुटांची एक. वर दीड चौरस फुटाचा एक झरोका. दारं ४२ आणि खिडक्या ३२, मिळून ७४. घरमालक ४४० मधून ७४ काढून ३६६ म्हणणार. रंगारी ४४० वर अडून बसणार.

आता नियम काय म्हणतो? इमारतीच्या कामाची मोजणी कशी करायची याचं एक भारतीय मानक आहे, क्रमांक १२००. सरकारी कामाची बिलं त्याच धर्तीवर होतात. त्यात भिंतीतल्या मोकळ्या जागेचे तीन गट आहेत. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांपर्यंतची जागा वजा करायचीच नाही. आपला झरोका त्यात गेला. तीन चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण ३२ चौरस फुटांपेक्षा मोठी जागा असेल, तर भिंतीच्या दोन्ही अंगांनी पूर्ण वजा करायची आणि तिच्या कडेच्या आतल्या बाजू मोजून वेगळ्या मिळवायच्या. आपली दारं आणि खिडक्या या दोघांच्या मधल्या गटात पडतात. त्यांची वजावट भिंतीच्या एकाच अंगाला होते, दुसऱ्या अंगाला होत नाही.

असं का? चौकट भिंतीत बसवली की भिंतीच्या जाडीचा काही भाग उघडा राहतो. खिडकीत हात घातला की बाजूला आणि वर जी चार-पाच इंचांची पट्टी लागते, तीच ही. तिलाही रंग द्यावा लागतो. शिवाय चौकटीला रंग न लागू देता कडेनं ब्रश चालवायचा, तो वेळ सपाट भिंतीपेक्षा जास्त खातो. दर खिडकीला टेप घेऊन त्या पट्ट्या मोजत बसण्यापेक्षा नियमानं तडजोड केली: एका अंगाची वजावट सोडून द्या, पट्ट्या त्यात आल्या. ज्या अंगाला ही पट्टी अरुंद, त्या अंगाला वजावट.

आपल्या खोलीला हे लावू. पुढच्या दाराची चौकट खोलीच्या आतल्या कडेशी बसवलेली आहे, आत पट्टी नाही. ते २१ चौरस फूट वजा होणार. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट पलीकडच्या कडेला आहे. त्याची वजावट स्वयंपाकघराच्या खात्यात जाईल, इथं नाही. खिडक्यांच्या चौकटी बाहेरच्या अंगाला सरकवलेल्या आहेत, आत पाच इंचांची पट्टी आहे. म्हणून त्यांचीही वजावट आत नाही. मजुरीचं माप झालं ४४० उणे २१, म्हणजे ४१९ चौरस फूट.

यात ना मालक जिंकला, ना रंगारी. पण काम सुरू होण्याआधी हे कागदावर लिहून दोघांनी सही केली, तर चहा निवणार नाही.

आता डब्याचा हिशोब. रंगाला मानक कळत नाही. जिथं भिंत आहे तिथंच तो लागतो. इथं सगळी दारं-खिडक्या काढायच्या, पण पट्ट्या मिळवायच्या. ३६६ ला खिडक्यांच्या पट्ट्या जोडू. खाली कडप्पा आहे, त्याला रंग नाही. उरल्या तीन बाजू, १२ फूट लांब आणि ५ इंच रुंद. एका खिडकीचे ५, दोन्हींचे १० चौरस फूट. स्वयंपाकघराच्या दाराची पट्टी १७ फूट लांब, ती धरा ७ चौरस फूट. बेरीज ३८३. झरोका एवढा लहान, की तो सोडून दिला तरी चालतं.

चांगल्या लांबी भरलेल्या, प्रायमर दिलेल्या भिंतीवर आतल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांना साधारण १३० चौरस फूट पुरतो असं धरू. ३८३ भागिले १३०, म्हणजे तीन लिटरला थोडं कमी. मालकानं काहीच वजा केलं नसतं, तर ४४० भागिले १३०, म्हणजे तीन लिटर चारशे मिली. ज्यासाठी सकाळपासून घसा कोरडा केला, त्या वजावटीची किंमत साडेचारशे मिली रंग!

त्यात दुकानात रंग सुट्टा मिळत नाही. मशीनवर छटा मिसळून देतात तो डबा बऱ्याचदा चार लिटरचा नसून ३.६ लिटरचा असतो, कारण छटेच्या रंगद्रव्याला जागा सोडावी लागते. डब्यावरचा आकडा वाचून घ्या. आपल्या खोलीला वजावट केली तरी तो एकच डबा, न केली तरी तोच.

मग खरा फरक कुठं पडतो? हातांच्या संख्येत. दोन हातांना तीन लिटर, म्हणजे एका हाताला दीड लिटर. तिसरा हात द्यावा लागला, तर दीड लिटर वाढला. दारा-खिडक्यांच्या सगळ्या वजावटीच्या तिपटीहून जास्त. पण त्याबद्दल ओट्यावर कुणी बोलत नाही.

हात वाढण्याची दोन कारणं मोठी आहेत. पहिलं, खालचा रंग. जुन्या घरात निळसर चुना किंवा गडद हिरवा रंग असतो आणि नव्या सुनेला फिकट पिवळा हवा असतो. फिकट रंग खालचं झाकत नाही. लाल, भगवा, गडद पिवळा यांची तर स्वतःचीच झाकण्याची ताकद कमी. अशा ठिकाणी महागड्या रंगाचा तिसरा-चौथा हात देण्यापेक्षा, प्रायमरलाच नव्या छटेच्या जवळची झाक देणं स्वस्त पडतं. झाकलं की नाही हे ओळखायला रंग कंपन्या काळी-पांढरी पट्टी वापरतात. आपणही पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या मार्करनं जाड रेघ ओढून तो कोपऱ्यात चिकटवावा आणि भिंतीबरोबर त्यालाही हात द्यावेत. वाळल्यावर रेघ दिसली, तर आणखी एक हात हवा.

दुसरं कारण भिंतीची तहान. कोरा गिलावा पाणी पितो, तसा रंगही पितो. डब्यावरचा चौरस फुटांचा आकडा गुळगुळीत, न पिणाऱ्या भिंतीचा असतो. आपली भिंत किती पिते हे विकत घेण्याआधी कळू शकतं. पाव लिटर रंग मोजून घ्या, त्यात कंपनीनं सांगितलं असेल तेवढंच पाणी घाला आणि एक हात द्या. हिशोबानं एका हाताला पाव लिटरात ६५ चौरस फूट निघाले पाहिजेत. चाळीसच निघाले, तर पहिल्या हाताला ३८३ भागिले १६०, म्हणजे जवळजवळ अडीच लिटर जाणार. दुसऱ्या हाताचे दीड धरले तर चार लिटर. तो ३.६ चा डबा अपुरा पडला. अशा भिंतीला आधी प्रायमर द्या. तिची तहान स्वस्तात भागवा.

चुन्याच्या भिंतीवर तळहात फिरवा. हात पांढरा झाला, तर आधी खरवडल्याशिवाय काहीही देऊ नका. भुकटीवर बसलेला रंग भुकटीसकट पापुद्र्यानं निघतो. आणि तळाच्या दोन फुटांत लोणा फुलत असेल, तर ते काम रंगाच्या हिशोबात येतच नाही. चार हात दिले तरी ओल आतून ढकलत राहते. आधी पाणी कुठून येतं ते शोधा.

शेवटी एक परीक्षा सांगतो. एक लिटर रंग एक चौरस मीटरवर पसरला, तर त्याचा थर एक मिलिमीटर होतो. आपल्या खोलीचे ३८३ चौरस फूट म्हणजे साडेपस्तीस चौरस मीटर. तीन लिटर त्यावर पसरले, तर ओला थर मिलिमीटरचा बारावा भाग. त्यातलं पाणी उडून गेलं की उरतं ते केसाहून बारीक. भिंत त्या एवढ्याशा कातडीवर काही वर्षं काढणार असते. रंगाऱ्यानं जास्तीचं पाणी घालून ते तीन लिटर दोनात भागवले, तर तुम्हाला दोन हात दिसतील, पण कातडी दोन-तृतीयांशच असेल. पहिल्या दिवशी फरक कळणार नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात ओला फडका फिरवाल, तेव्हा रंग फडक्यावर येईल.

म्हणून काम संपल्यावर भिंतीकडे बघण्याआधी डब्यात बघा. ३.६ लिटरमधून तीन लिटर गेले पाहिजेत, तळाशी अर्धा-पाऊण लिटर उरला पाहिजे. दीड लिटर उरला असेल, तर बचत झाली म्हणून खूश होऊ नका. भिंतीला तेवढं कमी मिळालं आहे. डबा पूर्ण रिकामा होऊन दुसरा मागवावा लागला, तर आधी तहान तपासा आणि मगच माणसावर संशय घ्या. आणि डब्यात निघणारं टोकन रंगाऱ्याचं असतं हे लक्षात असू द्या. त्याला जास्त डबे उघडण्यात रस असू शकतो, तुम्हाला कमी. म्हणून दोघांसमोर एक पाव लिटरचं माप ठेवा.

एकदा अशाच एका खोलीवरच्या भांडणात मी मध्ये पडलो, तेव्हा मालकानं मला विचारलं, "मग साहेब, दार वजा करायचं की नाही?" मी म्हणालो, "मजुरीत एक दार करा, रंगात सगळी करा. आणि आता दार सोडा, भिंतीला हात लावून बघा." त्यानं तळहात फिरवला. हात पांढराफटक झाला. रंगारी काही न बोलता उठला आणि पत्रा घेऊन खरवडायला लागला.