दरीचा दर्या झाला तेव्हा

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मघाशी चहाच्या वेळी एका मैत्रिणीच्या मुलीनं विचारलं, "मावशी, दुसऱ्यांच्या पुस्तकातल्या चुका काढून पोट भरतं का?" मी पुण्यात मुद्रितशोधनाचं आणि संपादनाचं काम घरून करते. पगार नाही, काम येईल तसे पैसे. तेव्हा प्रश्न रास्त आहे. उत्तर माझ्याच एका चुकीपासून सुरू करते.

सुरुवातीच्या वर्षांत एका प्रकाशकाचं सह्याद्रीतल्या भटकंतीचं पुस्तक माझ्याकडे आलं. पहिलं प्रूफ मी मन लावून वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, गडांची नावं, सगळं तपासलं. नंतर छपाईसाठी सगळा मजकूर जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेला गेला. दुसरं प्रूफ माझ्याकडे आलं नाही आणि मीही मागितलं नाही, कारण त्याचे पैसे ठरलेच नव्हते. पुस्तक छापून आलं. उघडलं, तर गडाच्या दोन्ही बाजूंना 'खोल दर्या' पसरलेला! फाँट बदलताना प्रत्येक 'ऱ्या'चा 'र्या' झाला होता. 'दुसर्या', 'किनार्यावर' वाचताना डोळ्यांना खुपतात तरी. पण 'दर्या' हा खराच शब्द आहे, समुद्र. संगणकाचा शब्दतपासनीस त्याला अडवत नाही. आणि आतल्या पानावर 'मुद्रितशोधन' म्हणून माझं नाव छापलेलं. त्या प्रकाशकाचा पुढे सात महिने फोन आला नाही.

त्या दिवसापासून फाइल हातात आली की मी आधी 'र्य' शोधते आणि प्रत्येक ठिकाणी थांबते. सूर्य, कार्य, धैर्य बरोबर, ते सोडायचे. बाकीचे अर्थ लावून बघायचे. आचार्यांचा आश्रम वेगळा आणि लग्नातल्या आचाऱ्यांचा मांडव वेगळा!

खरी चूक मात्र पैसे ठरवताना झाली होती. त्याचा हिशेब सांगते. दोनशे पानांचं पुस्तक धरा. पहिलं वाचन तासाला आठ पानं होतं, म्हणजे पंचवीस तास. दुसऱ्या प्रुफात सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्या का आणि त्या करताना नवीन चूक शिरली का, हे बघायचं असतं. ते तासाला सोळा पानं धरलं, तरी साडेबारा तास लागतात. एकूण साडेसदतीस. पहिल्याच वाचनाचे पैसे सांगितले, तर एक तृतीयांश काम फुकट करायचं किंवा सोडून द्यायचं. मी सोडून दिलं होतं. आता दर सांगतानाच दोन्ही वाचनं धरते. दर पानावर नाही, शब्दांवर सांगते. अक्षर मोठं केलं की पानं वाढतात, शब्द तेवढेच राहतात.

एवढ्यानं चुका थांबल्या. पण तेच लोक पुन्हा बोलवू लागले ते एका साध्या कागदामुळे. आपल्या भागातल्या एका लेखकाची कादंबरी होती. संवाद आपल्या बोलीतले. एका पानावर 'न्हाय', दुसऱ्यावर 'न्हाई', तिसऱ्यावर 'नाय'. शहरातल्या एखाद्यानं सरसकट 'नाही' करून टाकलं असतं. महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम निवेदनाला लावायचे. पात्राच्या तोंडची बोली मोडायची नाही, पण एकाच पात्राचं बोलणं एकसारखं हवं. आजी 'न्हाय' म्हणते, शहरात शिकलेला नातू 'नाही' म्हणतो, असं लेखकाला विचारून ठरवलं आणि दोन पानांचं शब्दपत्रक केलं. कोणता शब्द कसा लिहिला, कुणाच्या तोंडी काय, सगळं त्यात. काम संपल्यावर त्याची एक प्रत प्रकाशकाला दिली. पुढची आवृत्ती निघाली तेव्हा त्यांनी मलाच बोलावलं. त्या लेखकाचं पुढचं पुस्तकही आलं.

तरी वर्षभर हात सारखे भरलेले नसतात. गणपतीच्या आगेमागे दिवाळी अंकांची झुंबड, नंतर ओढ लागते. म्हणून एकाच प्रकाशकावर विसंबत नाही. तिघा-चौघांची कामं ठेवते, आणि दिवाळी अंकांच्या दिवसांत लांबलचक कादंबरी घेत नाही. तारीख चुकली की शब्द गेला.

तर त्या मुलीला सांगते, पोट भरतं. पण चुका काढण्याचे पैसे एकदाच मिळतात. केलेल्या कामाची नोंद नीट ठेवली, तर माणूस पुन्हा बोलावतो. आणि ते सात महिने फोन न करणारे प्रकाशक? मी स्वतःहून सगळ्या 'दर्यां'ची पानावार यादी करून त्यांना पाठवली होती. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी ती यादी घेऊनच त्यांनी फोन केला.