ग्रंथ हा साक्षीदार आहे

(नाशिक येथे कामगार व विद्यार्थी यांच्या अभ्यासवर्गात एका वकील बंधूंनी केलेले भाषण)



जागतिकीकरण आणि श्रमिक या विषयावरील सटीप ग्रंथसूची तयार करण्याचे काम या अभ्यासवर्गाने हाती घेतले आहे. प्रत्येक ग्रंथाचे, लेखाचे वा अहवालाचे नाव, कर्ता आणि वर्ष द्यावयाचे आणि त्याखाली पाच-सहा ओळींत सारांश व मूल्यमापन लिहावयाचे, असे हे काम आहे. आपण लिहिलेल्या काही नोंदी मी वाचल्या. त्यांत सारांश आहे. मूल्यमापनाच्या जागी मात्र ‘ग्रंथ उपयुक्त आहे’ एवढेच वाक्य आढळते. ग्रंथ हा साक्षीदार आहे असे मी मानतो. तो काय सांगतो हे सारांशात यावे. त्याने स्वतः काय पाहिले आणि काय पाहिले नाही हे मूल्यमापनात यावे. उलटतपासणीवाचून साक्ष स्वीकारली तर काय होते, ते मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो.

कामगारांच्या एका तंट्यात मी मोठ्या आवेशाने म्हणालो की, या देशातील ७७ टक्के कामगारांना रोज २० रुपयांहून कमी मजुरी मिळते. समोरच्या वकिलांनी शांतपणे विचारले, हे कोठे लिहिले आहे? मी तो आकडा भाषणांतून ऐकला होता. मूळ अहवाल उघडला तेव्हा माझी मान खाली गेली. आकडा खरा होता, पण तो मजुरीचा नव्हता आणि कामगारांचाही नव्हता.

तो अहवाल म्हणजे अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील असंघटित क्षेत्रविषयक राष्ट्रीय आयोगाचा २००७ सालचा अहवाल. त्याची नोंद मी आता अशी लिहीन: ‘२००४-०५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे आयोग सांगतो की, सुमारे ८३ कोटी ६० लक्ष लोक, म्हणजे लोकसंख्येचे ७७ टक्के, दरडोई दररोज २० रुपयांच्या आत खर्च करून जगतात. हा कुटुंबाच्या खर्चावरून काढलेला आकडा आहे, त्यात मुले व वृद्धही आले. तो मजुरीचा पुरावा म्हणून वापरू नये. अनुसूचित जाती-जमातींत हे प्रमाण ८८ टक्के दिले आहे, हे आपणांस महत्त्वाचे. ही एका काळाची स्थिती असून, ती जागतिकीकरणानेच झाली की आधीपासून होती, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही.’ एवढी नोंद माझ्या हाती असती तर माझी फजिती टळली असती.

आता एकमेकांविरुद्ध बोलणारे दोन साक्षीदार घेऊ. दोन्ही लेख ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकातील आहेत.

पहिला २००७ सालचा, सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा. खासगी कंपन्यांनी इंग्रजी वृत्तपत्रांत दिलेल्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक केवळ नावात होता. एक नाव उच्चवर्णीय हिंदूचे, दुसरे दलिताचे किंवा मुसलमानाचे. बोलावणे येण्याची दलित नावाची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश आणि मुसलमान नावाची सुमारे एक-तृतीयांश निघाली.

दुसरा २०१० सालचा, देवेश कपूर, चंद्रभान प्रसाद, लँट प्रिचेट आणि डी. श्याम बाबू यांचा. उत्तर प्रदेशातील आझमगड आणि बुलंदशहर या जिल्ह्यांतील एकेका गटात १९,००० हून अधिक दलित कुटुंबांची त्यांनी पाहणी केली आणि १९९० व २००७ या दोन सालांची तुलना केली. पक्की घरे वाढली, जमीनदाराच्या नांगराशी बांधलेली चाकरी घटली, लग्नाच्या पंगतीत दलितांना वेगळे बसविणे पुष्कळ कमी झाले, असे त्यांस आढळले.

आपल्यापैकी एकाने पहिल्या लेखाखाली ‘सत्य’ आणि दुसऱ्याखाली ‘भांडवलदारधार्जिणा’ असे लिहिले आहे. बंधूंनो, ही उलटतपासणी नव्हे, हा निकाल आहे; आणि तोही साक्ष ऐकण्यापूर्वी दिलेला. दोघांना एकच प्रश्न विचारून पाहा: तू नेमके काय मोजलेस? पहिला म्हणेल, मी शहरातील पदवीधराच्या नोकरीचे दार मोजले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत जाणाऱ्या अशिक्षित माणसाचे मोजले नाही, आणि १९९१ पूर्वी ते दार किती उघडे होते हेही मोजले नाही. दुसरा म्हणेल, मी खेड्यातील दलिताचे आजचे जिणे त्याच्याच कालच्या जिण्याशी ताडून पाहिले. सवर्ण शेजाऱ्याशी त्याचे अंतर घटले की वाढले, हे या तुलनेत नाही. शिवाय १९९० ची स्थिती त्याने सतरा वर्षांनी लोकांच्या स्मरणातून घेतली. त्याच काळात उत्तर प्रदेशात बहुजन समाज पक्षाची सरकारेही आली, म्हणून बदलाचे श्रेय एकट्या बाजाराला देता येत नाही. हे लिहिले की दोन्ही साक्षी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे ध्यानात येते: गावची बेडी सैल झाली असेल, आणि शहराचे दार तरीही अर्धे बंद असेल. आपल्या लढ्याला हे दोन्ही ठाऊक असणे अवश्य आहे.

आपल्या सूचीत आणखी एक प्रश्न प्रत्येक नोंदीस विचारला पाहिजे, आणि तो आपल्याच जिल्ह्यात विचारला गेलेला आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. आमच्या माणसाला गिरणीत विणकाम खात्यात का घेत नाहीत, रेल्वेत तो हमालसुद्धा का होत नाही, हे त्यांनी कामागणिक दाखविले. स्टेशनमास्तर हमालाकडून घरची कामे करून घेतो, म्हणून त्याला अस्पृश्य हमाल चालत नाही, हे कारण त्यांनी दिले. तेव्हा ‘कामगार’ हा शब्द वाचताच विचारा: यात जात मोजली आहे काय? आणि बौद्धांना कोणत्या रकान्यात घातले आहे? १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या; परंतु एखाद्या पाहणीत धर्म ‘बौद्ध’ सांगून जात न सांगणारा माणूस ‘इतर’ या रकान्यात पडतो आणि आपली संख्या तेवढी घटते. हे नोंदीत लिहिलेच पाहिजे.

शेवटी वकिलाची एक सूचना. कायद्यावरील ग्रंथाचे वर्ष प्रथम पाहा. कंत्राटी कामगारांसंबंधी पुष्कळ लेखन १९७० च्या कायद्यावर उभे आहे. कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ठरविले; आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. जुना ग्रंथ इतिहास म्हणून ठेवा. ‘आज हा हक्क आहे’ असे त्याच्या आधारे कोणत्याही कामगाराला सांगू नका. तुमच्या नोंदीवर विसंबून कोणी तरी उद्या दाद मागावयास जाणार आहे.

कोणी थोर माणसाने सांगितले एवढ्यावरून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. थोर ग्रंथही त्यातून सुटत नाही. पुढील बैठकीस प्रत्येकाने एकच नोंद आणावी. पण तिच्यात ‘याने काय मोजले नाही’ हे एक वाक्य असावे.

जयभीम.